लाल-हिरवी चाचणी आणि जास्तीचा मायनस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चष्म्याचा नंबर काढताना शेवटी-शेवटी अर्धी लाल, अर्धी हिरवी पाटी समोर येते आणि तपासणारा विचारतो, "अक्षरं कुठे जास्त स्पष्ट आहेत?" हीच ड्युओक्रोम चाचणी. पेशंटला ती कोड्यासारखी वाटते. नवशिक्या तपासनिसाला उलट ती फार सोपी वाटते, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. इथे भर आहे तो एका गोष्टीवर: ही चाचणी वापरून गोल नंबर, म्हणजे स्फेरिकल पॉवर, गरजेपेक्षा जास्त मायनस जाण्यापासून कसा वाचवायचा.

लाल-हिरव्या पाटीवर नेमकं काय पाहायचं असतं?

अक्षरं किंवा गोल. रंग नाही. दोन्ही बाजूंना काळ्या रंगात तीच अक्षरं किंवा तेच गोल असतात, फक्त मागची जमीन वेगळी असते. काळी रेघ कुठल्या बाजूला जास्त कातीव, जास्त ठळक दिसते, एवढंच सांगायचं. "हिरवं जास्त चमकतंय" हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण बहुतेकांना हिरवी बाजू उजळच दिसते. म्हणून प्रश्न नीट विचारणं ही तपासणाऱ्याची जबाबदारी. "लाल चांगलं की हिरवं?" असं विचारलं तर माणूस रंग निवडतो. "काळे गोल कुठे जास्त स्पष्ट आहेत, डावीकडे, उजवीकडे की दोन्हीकडे सारखे?" असं विचारलं तर गोलांकडे पाहतो. "सारखे" हा तिसरा पर्याय दरवेळी तोंडाने द्यावा लागतो, नाहीतर पेशंटला वाटतं की दोहोंपैकी एक निवडलंच पाहिजे.

एकाच नंबरातून दोन रंगांत फरक का पडतो?

डोळ्याची भिंगं सगळ्या रंगांना सारखं वाकवत नाहीत. हिरवा प्रकाश थोडा जास्त वाकतो आणि आधी एकत्र येतो, लाल कमी वाकतो आणि थोडा मागे एकत्र येतो. पाटीवरच्या हिरव्याची तरंगलांबी साधारण ५३५ नॅनोमीटर असते, लालची ६२० च्या आसपास. डोळ्यात या दोन रंगांच्या फोकसमध्ये जवळजवळ अर्ध्या डायॉप्टरचं अंतर पडतं. या दोहोंच्या मध्ये पिवळा येतो, आणि डोळा सर्वात जास्त संवेदनशील असतो तो पिवळ्या-हिरव्या पट्ट्याला. नंबर बरोबर असेल तर पिवळा दृष्टिपटलावर, हिरवा त्याच्या पुढे साधारण पाव डायॉप्टर आणि लाल मागे साधारण पाव डायॉप्टर. दोन्ही बाजू सारख्याच किंचित धूसर, म्हणून सारख्याच स्पष्ट.

चष्म्याचा नंबर पाव-पाव डायॉप्टरनेच बदलतो, हे इथे फार सोयीचं पडतं. बरोबर नंबरावरून ०.२५ प्लसकडे सरकलं की अख्खा गट पुढे येतो आणि लाल नेमका दृष्टिपटलावर बसतो, हिरवा मात्र अर्धा डायॉप्टर दूर जातो. फरक डोळ्याला जाणवेल एवढा होतो.

उत्तरावरून नंबर कुठे न्यायचा?

लाल स्पष्ट असेल तर मायनस वाढवायचा किंवा प्लस कमी करायचा. हिरवं स्पष्ट असेल तर प्लस वाढवायचा किंवा मायनस कमी करायचा. पाव डायॉप्टरची एकच पायरी, आणि मग पुन्हा तोच प्रश्न.

"दोन्ही सारखं दिसतंय" म्हटलं की नंबर बरोबर, नाही का?

पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. विशीतल्या माणसाच्या बाबतीत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

तरुण डोळ्यातलं नेत्रभिंग फुगू शकतं. जवळचं पाहायला ते फुगतं, त्याला ॲकोमोडेशन म्हणतात. आता समजा खरा नंबर −२.७५ आहे आणि तुम्ही डोळ्यासमोर −३.२५ ठेवला. अर्धा डायॉप्टर मायनस जास्त झाला, म्हणून सगळे फोकस दृष्टिपटलाच्या मागे गेले. हिशोबाने हिरवं स्पष्ट दिसायला हवं. पण डोळ्यातलं भिंग गुपचूप अर्धा डायॉप्टर फुगतं, सगळा गट परत पुढे ओढतं आणि पेशंट प्रामाणिकपणे सांगतो, "दोन्ही सारखं." तुम्ही −३.०० ठेवला तर भिंग पाव डायॉप्टर फुगेल, उत्तर तेच. −३.५० ठेवला तर पाऊण डायॉप्टर फुगेल, उत्तर पुन्हा तेच.

म्हणजे तरुण डोळ्यात "सारखं" हे उत्तर एका नंबरावर नाही, अनेक नंबरांवर मिळतं. त्यातला सर्वात कमी मायनस, किंवा सर्वात जास्त प्लस, तोच खरा. बाकीच्या नंबरांवर डोळा स्वतःच्या खर्चाने हिशोब जुळवत असतो. असा चष्मा घातलेल्या माणसाला लांबचं झकास दिसतं, पण पुस्तक किंवा संगणक घेऊन बसलं की तासाभरात कपाळ जड होतं, कारण जवळच्या कामाला जो जोर लागतो त्यात हा जास्तीचा जोर मिळवला जातो.

लाल-हिरवी चाचणी नुसती शेवटी लावली आणि "सारखं" ऐकून कागदावर नंबर लिहिला, तर ती जास्तीचा मायनस पकडत नाहीच. उलट त्यावर शिक्कामोर्तब करते.

मग ती कशी घ्यायची? एखादं उदाहरण?

डोळा आधी मुद्दाम धूसर करायचा, म्हणजे फॉगिंग, आणि लालकडून हिरव्याकडे यायचं. धूसर अवस्थेत सगळे फोकस दृष्टिपटलाच्या पुढे असतात. भिंग फुगलं तर अजून पुढे जातील आणि अजून धूसर दिसेल, म्हणून डोळ्याला फुगण्यात काही फायदा नसतो. तो सैल सुटतो.

एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आहे असं धरू. तक्रार अशी की वर्गातला फळा ठीक दिसतो, पण अभ्यासाला बसलं की डोळे थकतात. उजव्या डोळ्याचा सध्याचा चष्मा −३.००, सिलिंडर −०.५०, अक्ष १८०. मशीनवर आलं −३.२५ आणि तोच सिलिंडर. मशीनमध्ये डोकावून पाहताना तरुण डोळा बऱ्याचदा जवळचं पाहत असल्यासारखा फुगतो, त्यामुळे तिथला मायनस जास्त येणं नवीन नाही. रेटिनोस्कोपीने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या चमकेवरून नंबर काढल्यावर, आलं −२.७५, सिलिंडर −०.५० अक्ष १८०.

डावा डोळा झाकला. सिलिंडर तसाच ठेवून गोल नंबर −२.०० वर आणला, म्हणजे रेटिनोस्कोपीपेक्षा ०.७५ प्लसच्या बाजूला. तक्त्यावर ६/१२ ची ओळ वाचता येते. लाल-हिरवी पाटी लावली. "लालकडचे गोल स्पष्ट, हिरवीकडचे पुसट." अपेक्षित उत्तर. इथे जर ती हिरवं म्हणाली असती तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. फॉगिंग कमी पडलंय किंवा प्रश्न तिला कळला नाही, असं समजून आणखी प्लस द्यावा लागला असता.

−२.२५: लाल, आणि ओळ ६/९. −२.५०: "लालच, पण आता फरक थोडा आहे." ओळ ६/६, एखादं अक्षर अडखळत. −२.७५: जरा थांबून "सारखं वाटतंय." ६/६ सरळ वाचली, खालच्या ६/५ मधलीही काही अक्षरं आली. −३.००: "हिरवं..." आणि दोन-तीन सेकंदांनी, "नाही, सारखंच आहे."

या शेवटच्या उत्तराकडे कान द्यायचा. आधी हिरवं आणि मग सारखं, याचा अर्थ काच बदलताच फोकस मागे गेला आणि भिंगाने तो फुगून परत ओढून आणला. पहिलं उत्तर खरं, दुसरं डोळ्याने कमावलेलं. आणि −३.०० वर तक्त्यातलं एकही जास्तीचं अक्षर तिने वाचलं नाही. म्हणून नंबर −२.७५.

आता उलटा रस्ता पाहा. मशीनच्या −३.२५ पासून सुरुवात केली असती तर तिने लगेच "सारखं" म्हटलं असतं, ६/५ मधली तीच अक्षरं वाचली असती, आणि तपासणारा समाधानाने पुढच्या डोळ्याकडे वळला असता. तीच विद्यार्थिनी, तीच पाटी, अर्ध्या डायॉप्टरचा फरक. सुरुवात कुठून केली, एवढ्यावरच.

हा −२.७५ तपासून पाहायचा आणखी एखादा मार्ग?

+१.०० ची काच वर ठेवायची. नंबर बरोबर असेल तर दृष्टी साधारण ६/१८ पर्यंत, कधी ६/१२ पर्यंत घसरते. −३.२५ वर हीच काच ठेवली असती तर +१.०० मधला अर्धा भाग भिंग सैल पडण्यात खपला असता, उरलेल्या अर्ध्या डायॉप्टरने दृष्टी ६/९ च्या आसपासच थांबली असती. +१.०० ठेवूनही पेशंट आरामात वाचतोय म्हटल्यावर समजावं, आत कुठेतरी मायनस जास्त बसलाय. माझ्या मते लाल-हिरव्या चाचणीनंतर हे केल्याशिवाय तरुण पेशंटचा नंबर लिहूच नये. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

मायनस वाढवल्यावर अक्षरं जास्त काळी दिसतात. म्हणजे तो नंबर हवाच आहे ना?

नाही. जास्तीच्या मायनसने अक्षरं किंचित लहान आणि जास्त काळी, घट्ट दिसतात, आणि पेशंटला ते "छान" वाटतं. म्हणून "आता बरं वाटतंय का?" हा प्रश्नच फसवा. त्याऐवजी "जास्त अक्षरं वाचता येतात का, की नुसती लहान आणि काळी झाली?" असं विचारावं, आणि वाचून दाखवायला सांगावं. वाढवलेल्या प्रत्येक −०.२५ ने तक्त्यावर काहीतरी कमावलं पाहिजे. काही कमावलं नसेल तर ती काच काढून ठेवायची, पाटीवर उत्तर काहीही येवो.

थांबायचं कुठे: शेवटच्या लालवर, सारखं दिसेल तिथे, की पहिल्या हिरव्यावर?

यावर तपासनिसांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना कारणं आहेत. नेमकं "सारखं" दरवेळी मिळतंच असं नाही. पुष्कळदा एका पायरीवर लाल असतं आणि पुढच्याच पायरीवर हिरवं. तेव्हा निवड करावीच लागते.

तरुण मायनसवाल्याला मी शेवटच्या लालवर ठेवतो. पाव डायॉप्टरने लांबचं फारसं बिघडत नाही आणि जास्तीच्या मायनसचं दार बंद राहतं. ज्याचं ॲकोमोडेशन संपलंय अशा वयस्क माणसाला, विशेषतः रात्री गाडी चालवणाऱ्याला, सारखं किंवा पहिलं हिरवं चालतं, कारण त्याचं भिंग फुगून त्याला फसवू शकत नाही आणि पाव डायॉप्टरची धूसरता त्याला रस्त्यावर जाणवते.

तक्त्याचं अंतरही इथे हिशोबात येतं. सहा मीटरवरचा तक्ता अनंत अंतरापेक्षा ०.१७ डायॉप्टर जवळ असतो, तीन मीटरवरचा ०.३३. लहान खोलीत, आरसा न वापरता, तीन मीटरवर तंतोतंत "सारखं" आणलेला नंबर खऱ्या लांबच्या नजरेला पाव डायॉप्टरपेक्षा थोडा जास्तच कमी पडतो. अशा खोलीत शेवटच्या लालवर थांबलं तर पेशंट तक्रार घेऊन परत येणार, आणि त्याचं म्हणणं खरं असणार. ज्या खोलीत बसता त्या खोलीचं अंतर आधी मोजा, मग नियम ठरवा.

कितीही मायनस घातला तरी पेशंट लालच म्हणतो. काय करायचं?

थांबायचं. वय वाढतं तसं नेत्रभिंग पिवळसर होतं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. अशा भिंगात लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त अडतो आणि विखुरतो, म्हणून हिरवी बाजू मंद आणि धुरकट दिसते. लाल स्पष्ट हे उत्तर तिथे नंबरामुळे येत नाही, भिंगाच्या रंगामुळे येतं. त्यावर विसंबून मायनस वाढवत गेलं तर पाऊण-एक डायॉप्टर कधी जास्त गेला ते कळतही नाही.

ओळखायची खूण सोपी आहे: उत्तर पलटतंय का? ०.५० एका बाजूला आणि ०.५० दुसऱ्या बाजूला जाऊन पाहावं. प्लसकडे लाल आणि मायनसकडे हिरवं आलं तर चाचणी बोलतेय. दोन्हीकडे लालच राहिलं तर ती गप्प आहे. पाटी बंद करून तक्त्यावरच्या ओळींवर नंबर ठरवायचा. वयामुळे बाहुली लहान झालेल्या माणसाचं याच्या उलट होतं. लहान बाहुलीतून फोकसची खोली वाढते, पाव-अर्ध्या डायॉप्टरचा फरक जाणवतच नाही आणि तो प्रत्येक काचेवर "सारखं" म्हणतो. तेही गप्पच.

आणि कायम हिरवंच म्हणत असेल तर?

तरुण असेल तर पहिला संशय ॲकोमोडेशनवर. फॉगिंग वाढवा, +१.०० पर्यंत न्या, पेशंटला लांब पाहत थोडा वेळ बसू द्या आणि मग पुन्हा सुरू करा. तरीही हिरवं सुटत नसेल, रेटिनोस्कोपी आणि पेशंटची उत्तरं जुळत नसतील, तर औषधाचे थेंब घालून ॲकोमोडेशन तात्पुरतं बंद करून नंबर पाहण्याचा विचार नेत्रतज्ज्ञाने करावा. मात्र काहीजण फक्त उजळ बाजू सांगत असतात. त्यांना प्रश्न पुन्हा समजावला की हिरवं आपोआप सुटतं.

लाल-हिरवा रंग ओळखता न येणाऱ्यांवर ही चाचणी चालते का?

चालते. रंग कुठला वाटतो यावर ती उभी नाही; प्रकाश कुठे एकत्र येतो यावर उभी आहे, आणि त्यात रंगांधळेपणाने काही बदलत नाही. रंगाचं नाव न घेता डावी-उजवी विचारावं, एवढंच. एक काळजी घ्यायची: लाल प्रकाशाची संवेदना कमी असलेल्यांना लाल बाजू बरीच काळपट दिसते आणि त्यामुळे ते सुरुवातीपासून हिरव्याकडे झुकू शकतात. त्यांच्या बाबतीत एका काचेवरचं उत्तर धरू नका, काच बदलल्यावर उत्तर कुठे सरकतं ते पाहा.

सिलिंडर नंबर आधी की ही चाचणी आधी?

दोन्ही वेळा ती उपयोगी पडते. क्रॉस सिलिंडरने सिलिंडर तपासण्याआधी गोल नंबर असा हवा की धूसरतेचं सर्वात लहान वर्तुळ दृष्टिपटलावर बसेल. त्यासाठी पाटीवर सारखं किंवा अगदी किंचित हिरवं आणतात. त्या टप्प्यावरचं किंचित हिरवं मुद्दाम ठेवलेलं असतं. सिलिंडर ठरल्यावर ते काढून टाकायचं असतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. म्हणून शेवटी पुन्हा फॉग करून गोल नंबर नव्याने शोधायचा. आधीच्या उत्तरावर भागवायचं नाही. मोठा सिलिंडर अजून दुरुस्त झालेला नसेल तेव्हा पाटीवरची उत्तरं डळमळीत येतात, त्यांना फार किंमत देऊ नये.

खोलीत उजेड किती हवा, आणि दृष्टी किती असावी?

दिवे मंद करा. बाहुली मोठी होते आणि पाटीवरचे रंग खोलीच्या उजेडाने फिके पडत नाहीत. चष्म्यासह दृष्टी ६/९ किंवा त्याहून चांगली असेल तेव्हा चाचणी सर्वात विश्वासू असते. दृष्टी त्याहून बरीच कमी असेल तर दोन्ही बाजू एवढ्या धूसर असतात की अर्ध्या डायॉप्टरचा फरक त्यात हरवून जातो.

लहान मुलांवर करावी का?

फार लहान मुलं आवडता रंग सांगतात. शिवाय त्यांचं ॲकोमोडेशन इतकं जोरदार असतं की वर सांगितलेलं "अनेक नंबरांवर सारखं" त्यांच्यात सर्वात जास्त घडतं. तिथे रेटिनोस्कोपी आणि थेंब घालून केलेली तपासणीच खरी.

मोबाइलवर लाल-हिरवी पाटी उघडून घरी नंबर तपासता येईल?

नाही. मोबाइल हातभर अंतरावर असतो, म्हणजे डोळा आधीच अडीच-तीन डायॉप्टर फुगलेला. शिवाय पडद्याचे लाल आणि हिरवा कुठल्या तरंगलांबीचे आहेत यावर फोकसमधलं अंतर ठरतं, आणि ते प्रत्येक पडद्याचं वेगळं. दवाखान्यातल्या डिजिटल तक्त्यांबाबतही ही शंका रास्त आहे. नवा तक्ता बसवला की ज्यांचा नंबर पक्का माहीत आहे अशा दोन-चार सहकाऱ्यांना त्यांच्या चष्म्यासह पाटीसमोर बसवा आणि ०.२५ इकडे-तिकडे करून पाहा. उत्तर लालवरून हिरव्यावर पलटत असेल तर तक्ता वापरा. सगळेच एका रंगाकडे झुकत असतील तर पेशंटचे नंबर बदलण्याआधी तक्त्याचे रंग आणि प्रखरता दुरुस्त करून घ्या.